लाईट नव्हती, नेट नव्हते : खुलासा मागणाऱ्यांसाठी आणि देणाऱ्यांसाठी

मे महिना सरत आला की गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांची ऑनलाइन प्रशिक्षणे लागतात, आणि नेमका त्याच दिवसांत वळवाचा पाऊसही येतो. खरिपाचे प्रशिक्षण पेरणीच्या आधीच व्हायला हवे, त्यामुळे तारखांना दोष देऊन उपयोग नाही. पण पोल आडवे होतात, तारा तुटतात आणि डीप्या जळतात त्याही याच दिवसांत. मग वर्गाच्या दुसऱ्या दिवशी यादी निघते. ‘खालील कर्मचारी विनापरवानगी गैरहजर राहिले, त्यांनी तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा एक दिवसाचे वेतन का कपात करू नये...’ वगैरे. कृषी खात्यातले आम्ही, महसूल आणि ग्रामपंचायतीकडचे अधिकारी, अंगणवाडी ताई, शाळेतले गुरुजी, या यादीत कधी ना कधी ज्याचे नाव आले नाही असा माणूस सापडणे कठीण.

यावर बहुतेक जण एका ओळीत उत्तर देतात : ‘सदर दिवशी लाईट व नेटवर्क नसल्याने उपस्थित राहता आले नाही.’ हे उत्तर खरे असते, पण वाचणाऱ्याच्या दृष्टीने त्यात काही नसते. स्पष्टच सांगायचे तर आपल्यातल्याच काही जणांनी लग्नाला जाऊन, घरी झोपून हीच ओळ लिहिली आहे. म्हणून खरे बोलणाऱ्याचा खुलासाही त्याच फायलीत त्याच शेऱ्याने जातो. दोघांच्या उत्तरात फरक दिसायचा असेल तर लाईट जाणे म्हणजे नेमके काय आणि नेट जाणे म्हणजे नेमके काय, हे आधी वेगवेगळे समजून घ्यायला हवे.

वरच्या कार्यालयातून हमखास विचारला जाणारा प्रश्न असा : ‘लाईट गेली तरी मोबाईल बॅटरीवर चालतो, मग वर्गाला का नव्हता?’ प्रश्न रास्त आहे. आपला मोबाईल बॅटरीवर चालतो, पण टॉवरलाही वीज लागते हे त्यात राहून जाते. पूर्वीचा तारेचा फोन लाईट गेली तरी वाजत असे, कारण त्याला लागणारी थोडीशी वीज तालुक्याच्या टेलिफोन केंद्रातल्या बॅटऱ्यांमधून त्याच तांब्याच्या तारेने घरापर्यंत येत असे. त्या काळातल्या साहेबांच्या डोक्यात अजून तोच फोन आहे की काय, असे कधी कधी वाटते. आता टॉवरच्या पायथ्याशी एक कपाट असते, त्यात येणाऱ्या विजेचे ४८ व्होल्टच्या डीसी करंटमध्ये रूपांतर होते आणि बॅटऱ्यांचा संच असतो. लाईट गेली की टॉवर त्या बॅटऱ्यांवर जातो. त्या नव्या असतील तर काही तास निघतात, जुन्या झाल्या असतील तर तास-दीड तासात टॉवर मुका होतो. काही ठिकाणी डिझेलचे जनरेटर आहे, पण वादळानंतर रस्त्यावर झाडे पडलेली असली तर डिझेल घेऊन येणारी गाडी पोचत नाही. फायबरचे कनेक्शन असले तरी सुटका नाही, कारण ग्रामपंचायतीतली किंवा घरातली फायबरची पेटी विजेवरच चालते आणि तिच्याजवळ बॅटरी किंवा इन्व्हर्टर नसेल तर लाईटबरोबर तीही बंद.

दुसरी गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. आपल्या गावचा टॉवर एकटा नसतो. तो दुसऱ्या टॉवरशी डिशने किंवा फायबरने जोडलेला असतो, दुसरा तिसऱ्याशी, असे करत ती साखळी शहरापर्यंत जाते. मधला एखादा टॉवर अंधारात गेला किंवा मधली फायबर तुटली तर आपल्या टॉवरला लाईट असूनही नेट नसते. अशा वेळी मोबाईलवर दांड्या पूर्ण दिसतात आणि माणूस म्हणतो, ‘रेंज फुल आहे, पण काहीच उघडेना.’ वरून ऐकणाऱ्याला हे खोटे वाटते. प्रत्यक्षात ते खोटे नसते.

मोबाईलकडे पाहून बिघाड कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो. दांड्याच नाहीत आणि No service दिसते, तर जवळपासचे सगळेच टॉवर बंद आहेत किंवा आपण त्यांच्या टप्प्यात नाही. Emergency calls only असे दिसत असेल तर बहुधा आपल्या कंपनीचा टॉवर बंद आहे आणि दुसऱ्या कोणत्या तरी कंपनीचा चालू आहे. शेजाऱ्याच्या सिमवर नेट चालते का ते लगेच पाहावे. दांड्या आहेत, फोन लागतो, पण नेट चालत नाही, तर पुढची साखळी तुटली असेल किंवा बंद पडलेल्या टॉवरची सगळी गर्दी या एका टॉवरवर आली असेल. यातले आपल्याकडे काय घडले हे खुलाशात वेळेसह लिहिले की उत्तराला वजन येते.

मोठ्या प्रमाणावर याचा अनुभव कोकणाने घेतला आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, तसेच मंडणगड, दापोली या भागात हजारो पोल पडले आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. फोनही बंद होते. कोरोनामुळे शाळेचे वर्ग मोबाईलवर घ्यायचे ठरत होते ते याच महिन्यात. त्या गावांतल्या पोरांना ‘गैरहजर’ म्हणणे कोणाच्या मनातही आले नसते, कारण वादळाला नाव होते आणि त्याची बातमी दिल्लीपर्यंत गेली होती. आमच्याकडच्या वळवाला नाव नसते. पंधरा मिनिटांचा वारा येतो, चार पोल पाडून निघून जातो, आणि तालुक्याच्या गावाला त्याचा पत्ताही नसतो.

असाच एक प्रसंग तपशिलाने सांगतो. त्यातली गावे आणि कार्यालये कोणती याला महत्त्व नाही.

माझे मुख्यालयाचे गाव तालुक्यापासून ३८ किलोमीटरवर आहे. मंगळवारी संध्याकाळी पावणेसहाला वारा सुटला आणि लाईट गेली. अकरा केव्हीच्या लाइनचे पोल ओढ्याजवळ वाकले होते, ते सकाळी दिसले. टॉवर रात्री दहाच्या सुमारास बंद झाला, तोवर फोन लागत होते. बुधवारी आणि गुरुवारी अकरा ते एक असा दोन दिवसांचा अनिवार्य वर्ग होता, विषय सोयाबीनची घरच्या घरी उगवणक्षमता तपासणी आणि बीजप्रक्रिया. वर्गाची लिंक बुधवारी सकाळी साडेनऊला ग्रुपवर पडली म्हणे. आमच्यापर्यंत ती आलीच नाही.

बुधवारी सकाळी मी गाडी घेऊन नऊ किलोमीटरवरच्या खिंडीत गेलो, कारण तिथे पलीकडच्या खोऱ्यातल्या टॉवरची रेंज मिळते. एक दांडी आली, लिंकही मिळाली, पण उघडेना. चित्रासह दोन तासांच्या वर्गाला एक जीबीच्या पुढे नेट लागते, आणि त्या एका दांडीवर साधा फोटोसुद्धा जात नव्हता. मात्र एसएमएस जातो. १०.५२ वाजता साहेबांना मेसेज टाकला : ‘गावात काल ५.४५ पासून लाईट नाही, टॉवर बंद. खिंडीतून प्रयत्न केला, लिंक उघडत नाही. आज गावात शेतकऱ्यांचे उगवण चाचणीचे काम घेतो.’ आणि परत येऊन ते काम घेतले. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडून गुंडाळी करायची, सावलीत ओली ठेवायची आणि कोंब मोजायचे, एवढेच काम आहे. सत्तरच्या वर आले तर नेहमीचे एकरी तीस किलो बियाणे पुरते, कमी आले तर त्या प्रमाणात वाढवायचे. याला ना लाईट लागते ना लिंक.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. गुरुवारी दुपारी सव्वाला वीज कंपनीने फीडर चालू केला आणि तासाभरात टॉवरही आला. पण आमच्या आळीची डीपी वादळात गेलेली होती, ती शुक्रवारी दुपारी बदलली. म्हणजे उपकेंद्राच्या कागदावर लाईट गुरुवारी सव्वाला आली आणि माझ्या घरात शुक्रवारी. माझा वर्ग त्याआधीच संपला होता म्हणून मला या फरकाची अडचण आली नाही. पण समजा वर्ग शुक्रवारी सकाळी असता आणि मी ‘लाईट नव्हती’ असे लिहिले असते, तर साहेबांनी उपकेंद्रात फोन करून विचारले असते आणि तिथून उत्तर आले असते, ‘नाही हो, फीडर कालपासून चालू आहे.’ दोघेही खरे बोलत असते आणि ठपका माझ्यावर आला असता.

म्हणून वीज खंडित झाल्याचा दाखला मागायला जाल तेव्हा नेमका कोणता कागद मागायचा ते माहीत हवे. ३३/११ केव्ही उपकेंद्रात ऑपरेटरकडे नोंदवही असते. प्रत्येक फीडर किती वाजता ट्रिप झाला आणि किती वाजता चालू केला हे त्यात लिहिलेले असते. ही नोंद फीडरची असते, गावाची किंवा घराची नसते. डीपी जळाली, फ्यूज उडाला किंवा आपल्या आळीची तार तुटली तर उपकेंद्रात काहीच ट्रिप झालेले दिसणार नाही. तशा वेळी आधार एकच, आपण केलेली तक्रार. १९१२ या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो, तो तारीख-वेळेसह लिहून ठेवावा. रेंज नसेल तर रेंजमधल्या कोणाला तरी ग्राहक क्रमांक देऊन तक्रार करायला सांगावे. नंतर शाखेच्या अभियंत्यांना साधा अर्ज द्यावा, त्यात फीडरचे नाव, खंडित कालावधी आणि आपली डीपी कधी बदलली, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात. शेजारच्या गावात लाईट आहे आणि आपल्याकडे नाही, तर बिघाड बहुधा डीपीचा किंवा आपल्या फाट्याचा. आळीतल्या काही घरांत आहे आणि काहींत नाही, तर एखादा फेज गेला. एवढे पाहून ठेवावे, पण वर्गासाठी म्हणून स्वतः डीपीत हात घालू नये. दरवर्षी आपल्याकडे फ्यूज टाकताना माणसे जातात.

वस्तीवर, मळ्यात राहणाऱ्यांची गोष्ट याहून वेगळी आहे. गावठाणाचा फीडर आणि शेतीचा फीडर बऱ्याच ठिकाणी वेगळे केलेले आहेत. शेतीच्या फीडरला ठरलेल्या तासांपुरतीच थ्री फेज मिळते. वस्तीवर राहणाऱ्याने ‘लाईट नव्हती’ लिहिले आणि दाखला गावठाण फीडरचा जोडला, तर त्याचाच कागद त्याच्या विरुद्ध जाईल.

टॉवर बंद असल्याचा दाखला मात्र खेड्यात कोणी देत नाही, मोबाईल कंपनीचे माणूस आपल्याला भेटतही नाही. तिथे आडवाटेने जावे लागते, आणि गंमत अशी की सगळ्यात चांगला पुरावा साहेबांच्याच मोबाईलमध्ये असतो. ज्याने ग्रुपवर लिंक टाकली त्याने त्या मेसेजवर बोट दाबून धरून ‘इन्फो’ पाहिले, तर कोणाला मेसेज किती वाजता पोचला हे नावानिशी दिसते. गावातल्या पाचही कर्मचाऱ्यांना बुधवारचा मेसेज गुरुवारी दुपारी सव्वादोनच्या पुढे-मागे पोचलेला दिसला, तर वेगळे काय सिद्ध करायचे राहते? एकट्याच्या बाबतीत शंका घेता येते, कारण मोबाईल बंद करून ठेवला तरी मेसेज पोचत नाही. पण वेगवेगळ्या खात्यांच्या पाच जणांनी ठरवून एकाच वेळी मोबाईल बंद करून एकाच वेळी चालू केले, असे कोणी म्हणणार नाही. म्हणून खुलासा देताना त्याच गावातल्या इतर कर्मचाऱ्यांचा उल्लेख करावा. रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनवर शेवटची पावती कधी निघाली आणि पुढची कधी, हेही पाहता येते. मात्र त्या मशीनला दुसऱ्या कंपनीचे सिम असू शकते, ते आधी विचारून घ्यावे.

आता खुलासा. माझा मी असा दिला होता :

‘विषय : दि. अमुक व अमुक रोजीच्या ऑनलाइन प्रशिक्षणास अनुपस्थितीबाबत खुलासा. महोदय, मुख्यालयाच्या गावी मंगळवारी सायं. ५.४५ पासून वादळामुळे ११ केव्ही लाइनचे पोल पडून वीजपुरवठा खंडित झाला, तो फीडरवर गुरुवारी दु. १.१५ वाजता व माझ्या निवासस्थानी शुक्रवारी दुपारी पूर्ववत झाला. गावातील मोबाईल टॉवर मंगळवारी रात्री सुमारे १० ते गुरुवारी दु. सुमारे २ पर्यंत बंद होता. बुधवारी सकाळी ९ कि.मी. वरील खिंडीतून जोडणीचा प्रयत्न केला, लिंक उघडली नाही, तसा एसएमएस आपणांस १०.५२ वाजता पाठवला आहे. दोन्ही दिवस गावात उगवणक्षमता चाचणीचे प्रात्यक्षिक घेतले, उपस्थित शेतकऱ्यांच्या सह्यांची यादी सोबत जोडली आहे. प्रशिक्षणाचे चित्रीकरण मिळाल्यास पाहून चाचणी देण्यास तयार आहे. सोबत : उपकेंद्राच्या नोंदीचा दाखला, ग्रामपंचायतीचे पत्र, सह्यांची यादी.’

यात ‘नाइलाजाने’, ‘मन:पूर्वक दिलगीर’, ‘पुन्हा असे होणार नाही’ यातले काही नाही. वळवाचा पाऊस पुन्हा होणार आहे, आणि टॉवरही पुन्हा बंद पडणार आहे. जे आपल्या हातात नाही त्याची हमी लिहून देणारा कर्मचारी पुढच्या वर्षी त्याच कागदात अडकतो. वीज, टॉवर, आपण केलेला प्रयत्न आणि त्या वेळात केलेले काम, या चार गोष्टी वेळेसह आल्या की पुरे.

‘तालुक्याला यायला काय झाले होते?’ असेही विचारले जाते. ३८ किलोमीटर जायचे तर वर्ग कुठे आहे हे आधी कळले पाहिजे. वर्ग ऑनलाइन होता, तालुक्याच्या कार्यालयात बसण्याची सोय ठेवल्याचे पत्रात नव्हते, आणि असती तरी ते सांगणारा मेसेज बंद टॉवरमागे अडकला असता. इथेच वरच्या मंडळींना एक सुचवावेसे वाटते. अनिवार्य वर्गाच्या पत्रातच, आठ दिवस आधी, कागदावर लिहावे की लिंक न मिळाल्यास तालुक्याच्या अमुक सभागृहात इन्व्हर्टरवर पडदा लावलेला असेल, आणि वर्गाचे चित्रीकरण अमुक तारखेपर्यंत पेनड्राइव्हवर मिळेल. ही सोय ठेवूनही जो आला नाही त्याला खुशाल नोटीस द्या.

शिवाय हजेरी म्हणजे लिंक जोडलेली असणे, हीच व्याख्या मुळात चुकीची आहे. नाव जोडून मोबाईल गोठ्याच्या खांबाला टांगून धारा काढणारे आम्ही पाहिले आहेत. त्यांची हजेरी शंभर टक्के लागते. वर्गानंतर दहा प्रश्नांची चाचणी घ्या, ती आठ दिवसांत कधीही द्यायला ठेवा, म्हणजे कोणाला विषय कळला ते दिसेल.

शेतकरी बंधूंना वाटेल की हे सरकारी नोकरांचे रडगाणे झाले. तसे नाही. २०२४ च्या खरिपापर्यंत पीकविम्यात गारपीट किंवा शिवारात पाणी साचल्याची पूर्वसूचना ७२ तासांत द्यावी लागत असे, आणि ती बहुतेक जण मोबाईलवरूनच देत. ज्या वादळाने पीक झोपवले त्याच वादळाने टॉवर झोपवला, तर ते ७२ तास कोणाच्या घड्याळाने मोजायचे? याउलट ई-पीक पाहणीत शिवारात रेंज नसली तरी फोटो आणि नोंद मोबाईलमध्ये साठवता येते आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवता येते. पिकाच्या नोंदीला थांबता येते, तर प्रशिक्षणाच्या हजेरीला थांबायला काय हरकत आहे?

गावातल्या अधिकारी मंडळींना एक विनंती. ग्रामपंचायतीत एक साधी वही ठेवावी. तारीख, लाईट कधी गेली, कधी आली, टॉवर कधी गेला, कधी आला, तक्रार क्रमांक आणि सही, एवढेच रकाने. लिहायचे कोणी, हा प्रश्न पडेल. गावात नळाचे पाणी सोडणारा कर्मचारी असतोच. टाकी भरायची म्हणून त्याचे लक्ष चोवीस तास लाईटवर असते, कित्येकांनी तर पंपघराच्या भिंतीवर खडूने वेळा मांडलेल्या असतात. आमच्या गावच्या पंपघरात मंगळवारचे ५.४५ तसेच लिहिलेले होते, आणि ग्रामपंचायतीच्या पत्रात ते तिथूनच उतरवून घेतले.